शेवटचा प्रश्न, पाच गुणांचा

तुरुंगात नीती शिकवायची म्हटल्यावर कुणालाही हसू येईल. बाईंनाही पहिल्या दिवशी आलं होतं. मग नेमणुकीचा कागद हातात पडला आणि हसू जिरलं. वर्ग म्हणजे शिवणखोलीला लागून असलेली लांबट खोली. एक फळा, सहा बाकं, वर जाळीची खिडकी. भिंतीपलीकडून यंत्रांची घरघर. विषय वरून ठरून आलेला: यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांच्या नीतिसंहिता. टप्पे चार, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी दहा गुणांची छोटी चाचणी. सात मिळाले तर पुढे, नाहीतर पुन्हा पहिला टप्पा. चारही पार केले की लवकर सुटकेसाठी शिफारस. नीती अशी भाजीसारखी तोलून देता येते असं ज्यांना वाटलं, ते या इमारतीत कधी पाय ठेवत नाहीत.

वर्गात बायका बारा होत्या, पण जीव तोडून शिकत होती एकच. तिला सगळे शिंपीण म्हणत. यंत्रावर बसली की तिच्या हाताखालून कापड पाण्यासारखं जायचं. सासू जिन्यावरून पडून मेली आणि नणंद न्यायालयात म्हणाली, हिनं ढकललं, मी पाहिलं. बाकी कुणी पाहिलं नव्हतं. शिंपिणीची मुलगी त्याच नणंदेकडे वाढत होती. मागच्या भेटीत जाळीपलीकडून पोरीनं नणंदेचा पदर ओढला आणि म्हणाली, ‘आई, चल ना घरी.’ शिंपीण जाळीच्या अलीकडे उभी होती. त्या दिवसापासून तिला शिफारस हवी होती. पोर पुरती विसरायच्या आत हवी होती.

पहिला टप्पा, यहुदी परंपरा. बाईंनी तोरा म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ हे सांगितलं, त्यात सहाशे तेरा आज्ञा मोजतात हे सांगितलं आणि त्यातल्या दहा फळ्यावर लिहिल्या. देव एकच. मूर्ती नको. त्याचं नाव फुकट घेऊ नको. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळ. आईबापांचा मान राख. खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, दुसऱ्याच्या वस्तूची हाव, नको.

मागच्या बाकावरून आजी म्हणाल्या, “बाई, तुमचे नंबर चुकलेत.”

आजी चोरीच्या गुन्ह्यात आलेल्या, वय सत्तरीच्या घरात, तोंड विशीतलं.

“कुठं चुकलेत?”

“चोरी सातवी. तुम्ही आठवी लिहिलीय. लहानपणी चर्चमध्ये छडी खाऊन पाठ केलंय मी. आणि माझा तर तो धंद्याचा नंबर.”

वर्ग हसला. बाईंनी खडू खाली ठेवला. आजी बरोबर होत्या. मूळ ग्रंथात आकडे घातलेले नाहीत, म्हणून मोजणी वेगवेगळी झाली. यहुदी ‘मी तुझा देव आहे’ हेच पहिलं वचन धरतात. कॅथलिक मूर्तीची आज्ञा पहिलीतच मिळवतात आणि शेवटची हाव दोन भागांत तोडतात, म्हणून मधले आकडे एकेकानं मागे सरकतात. चाचणीत प्रश्न होता, ‘आठवी आज्ञा कोणती?’ वरून आलेल्या उत्तरसूचीत ‘चोरी करू नको’ एवढंच होतं. आजींनी लिहिलं, खोटी साक्ष. बाईंनी पूर्ण गुण दिले आणि शेजारी कारण लिहिलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही. आठव्या आज्ञेवरून कुणाचं काय बिघडणार होतं?

त्याच टप्प्यात साक्षीचा नियम आला. एका साक्षीदारावर कुणाला दोषी ठरवायचं नाही; दोन हवेत, किंवा तीन. आणि खोटी साक्ष उघडी पडली तर त्यानं दुसऱ्यावर जी शिक्षा आणायचा बेत केला, तीच त्याला.

“दोन?” शिंपिणीनं विचारलं.

“निदान दोन.”

“माझ्या वेळी एकच होती.” एवढं बोलून ती खाली वाकून लिहायला लागली. चाचणीत तिला दहापैकी दहा.

दुसरा टप्पा, ख्रिस्ती. येशूनं जुनी संहिता मोडली नाही, ती माणसाच्या आत नेली, हे बाईंनी डोंगरावरच्या प्रवचनातून दाखवलं. खून करू नको हे जुनं. भावावर उगाच रागावलास तरी जाब द्यावा लागेल हे पुढचं. शपथा घेऊच नको. हो तर हो म्हण, नाही तर नाही. सगळ्यात मोठ्या आज्ञा दोन, देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम, आणि दोन्ही तोरातच आधी आहेत, हे सांगायला बाई विसरल्या नाहीत.

“दुसरा गाल पुढे करायचा म्हणे,” आजी म्हणाल्या. “माझे दोन्ही झाले वापरून. आता काय मान द्यायची?”

चाचणीत विचारलं होतं, ‘शत्रूवर प्रेम या शिकवणीचं उदाहरण द्या.’ शिंपिणीनं लिहिलं, ‘नणंदेनं माझ्या मुलीला ताप आला तेव्हा अख्खी रात्र उशाशी बसून काढली, असं ऐकलं. तेवढ्यापुरतं तिचं भलं व्हावं असं वाटलं. त्यापुढे जमत नाही.’ बाईंनी आठ दिले. घरी जाताना बसमध्ये त्यांना वाटलं, नऊ द्यायला हवे होते.

तिसरा टप्पा, इस्लाम. कर्मांच्या पाच पायऱ्या फळ्यावर आल्या: फर्ज, करायलाच हवं ते; मुस्तहब, केलं तर पुण्य; मुबाह, करा वा नका करू; मकरूह, टाळलेलं बरं; हराम, निषिद्ध. कर्म ‘निय्यत’वर, म्हणजे मनातल्या हेतूवर तोललं जातं हेही. कुराणातल्या आज्ञा वाचल्या: आईबापांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नका, अनाथाच्या मालाला हात लावू नका, माप पुरं भरा. आणि ती एक: न्यायावर ठाम उभे राहा, साक्ष खरी द्या, मग ती तुमच्या स्वतःच्या, आईबापांच्या, नात्यागोत्याच्या विरुद्ध का जाईना.

शिंपिणीनं हात वर केला. “स्वतःविरुद्ध खरी द्यायची. आणि स्वतःविरुद्ध खोटी दिली तर?”

“तीही खोटीच. हराम.” बाई पटकन बोलून गेल्या. चांगला प्रश्न आला की शिक्षकाला आनंद होतो. त्यांनाही झाला. पुढचं दिसलं नाही.

चौथा टप्पा, तिन्हींची तुलना आणि पश्चात्ताप. बाईंनी मन लावून शिकवलं. यहुदी परंपरेत चूक थांबवायची, तोंडानं कबूल करायची, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. आणि ज्या माणसाचं वाईट केलं त्याची समजूत काढल्याशिवाय देवही ती चूक पुसत नाही. ख्रिस्ती धर्मात कबुली आणि क्षमा. इस्लाममध्ये तौबा: थांबणं, पस्तावणं, निश्चय, आणि ज्याचा हक्क मारला त्याला तो परत. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की यहुदी धर्मपंडितांच्या न्यायात माणसाला त्याच्या स्वतःच्या कबुलीवरून शिक्षा देता येत नाही, साक्षीदारच लागतात.

या टप्प्याची चाचणी वरून छापून आली होती. पाच गुणांचे छोटे प्रश्न, आणि शेवटचा एकच, पाच गुणांचा: ‘तुम्ही केलेला अपराध कोणत्या आज्ञेविरुद्ध होता ते तिन्ही संहितांच्या आधारे लिहा व पश्चात्ताप व्यक्त करा.’ प्रश्न आधी सांगायची मुभा होती, म्हणून बाईंनी आदल्या दिवशी सांगितला.

तास संपल्यावर शिंपीण थांबली.

“बाई, मी केलेलंच नाही, तर काय लिहू?”

“लिहून टाक गं. चार ओळी. मार्कांपुरत्या.”

“मी ढकललं म्हणून?”

“कोण वाचतंय ते? मी वाचणार, मी गुण देणार. तुझी पोर तिकडे दुसरीला आई म्हणतेय. तिचा विचार कर.”

“तिचाच करते.” शिंपीण टेबलावरचा खडूचा चुरा बोटानं गोळा करत होती. “मोठी झाल्यावर ती विचारेल, माझ्या आजीला तू मारलंस का. मी नाही म्हणेन. तेव्हा आत्या माझ्या हाताचा कागद दाखवेल.”

“जीव वाचवायला खोटं चालतं,” बाई म्हणाल्या. “यहुदी तर जीव वाचवायला जवळजवळ सगळे नियम बाजूला ठेवतात. इस्लाममध्येही तशी सूट आहे.”

“इथे जीव कुणाचा जातोय? दोन वेळा जेवते मी.” ती थोडं हसली. “बाई, तुम्हीच शिकवलं, आता तुम्हीच पळवाट काढून देताय.”

बाईंना राग आला. शिंपिणीचा नाही, पण निघाला तिच्यावरच. “कर मग काय करायचं ते,” म्हणाल्या आणि पर्स उचलून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शिंपिणीनं छोटे प्रश्न एकही न चुकता सोडवले. पाचपैकी पाच. शेवटच्या प्रश्नाखाली लिहिलं: ‘मी अपराध केलेला नाही. केला असं लिहिणं म्हणजे खोटी साक्ष, ती दहा आज्ञांत मना आहे. यहुदी न्यायात माझ्या कबुलीला किंमत नाही आणि माझ्याविरुद्ध साक्षीदार एकच होती. येशू म्हणतो, नाही तर नाही म्हण. कुराण म्हणतं, स्वतःबद्दलही साक्ष खरी दे. म्हणून तिन्ही संहितांप्रमाणे माझं उत्तर नाही असं आहे. पश्चात्ताप एकच, त्या दिवशी जिना पुसून मी तो ओला ठेवला. त्याबद्दल माफी मागायला सासूबाई नाहीत.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. पूर्वी कॉलेजात शिकवायच्या, तिथल्या पोरांनीही असं उत्तर त्यांना कधी दिलं नव्हतं. त्यांनी पाचपैकी पाच दिले. दहापैकी दहा.

संध्याकाळी अधीक्षक मॅडमनी बोलावलं. मॅडमच्या टेबलावर गुणदानाची सूचना उघडी होती.

“बसा, बाई. हिला पाच कसे?”

“प्रश्नात तिन्ही संहितांचा आधार मागितलाय. तो तिच्याइतका कुणीच दिलेला नाही.”

“सूचना वाचा. ‘अपराधाची कबुली नसल्यास शून्य.’ कबुली आहे?”

“जे केलंच नाही त्याची कबुली नीतीत कशी बसेल, मॅडम? विषयच तो आहे.”

“विषय तुमचा, शिफारस माझी.” मॅडम चिडल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. “न्यायालयानं दोषी ठरवलंय. मी नाही म्हणणारीला सुधारली म्हणून वर पाठवू? आणि ते आठव्या आज्ञेचे गुण, तेही मी सोडून दिले होते. शिकवायला माणसं कमी आहेत म्हणून सगळं चालत नाही. तुमची मुदत पुढच्या महिन्यात संपते ना?”

पेन मॅडमनीच पुढे केलं. बाईंनी पाचावर काट मारली, शून्य लिहिलं, शेजारी सही केली. दहापैकी पाच. सहीला वेळ लागला नाही. चांगल्या अक्षरातली सही होती.

आजी सुटल्या. जाताना वर्गात डोकावल्या. “मला शेवटच्या प्रश्नात पुरे पाच,” त्या म्हणाल्या. “न केलेल्या दोन चोऱ्याही घातल्या, पश्चात्ताप भरघोस दिसावा म्हणून.” कुणी हसलं नाही. शिंपिणीच्या खांद्यावर हात ठेवायला त्या थांबल्या, मग नुसत्याच गेल्या.

बाईंची मुदत वाढली. नणंदेनं कळवलं की पोरीला अशा जागी आणणं आता बरं नाही. तो निरोप शिंपिणीला यंत्रावरच मिळाला. तिनं शिवण पुरी केली आणि दोरा तोडला.

नवीन तुकडी बसली. पहिल्याच बाकावर शिंपीण होती, नियमाप्रमाणे पुन्हा पहिला टप्पा. बाईंनी दहा आज्ञा फळ्यावर लिहिल्या. खोटी साक्ष देऊ नको, इथपर्यंत आल्या तेव्हा पाठ वर्गाकडे होती, आणि ती तशीच ठेवणं सोपं होतं. मागून कुणीतरी नवीन बाई विचारत होती, “हे सगळं लिहून घ्यायचं का?”

“घे लिहून,” शिंपिणीचा आवाज आला. “चाचणीला येतं. दोन साक्षीदार लागतात, तेही येतं.”

आठवड्याअखेरीस चाचणी झाली. शिंपिणीला दहापैकी दहा. बाईंनी सही केली.