खांद्याचं पत्र

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्या आठवड्यात तर ती नाव सार्थ करत होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, प्रकल्पाचा विषय ठरलेला होता, आणि एक पत्र काही केल्या लिहून होत नव्हतं.

पत्र न्यूरॉलॉजीच्या प्राध्यापकांना होतं. तिच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं होतं, "मार्गदर्शक मी आहेच. पण पक्षाघाताचे रुग्ण त्यांच्या वॉर्डातले. त्यांचं मार्गदर्शन आणि परवानगी दोन्ही लागेल. लिही त्यांना. आणि पाल्हाळ लावू नकोस."

पाल्हाळ न लावता लिहायचं म्हणजे काय, तेच तिला उमजेना. पहिल्या मसुद्यात 'पक्षाघातानंतरचे पुनर्वसन' असा विषय लिहिला, आणि वाचून स्वतःच हसली. म्हणजे समुद्रच उपसायला निघाल्यासारखं. दुसऱ्यात इतकी आर्जवं झाली की वाचणाऱ्याला वाटावं, ही बाई नोकरी मागते आहे. शेवटी तिनं जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढंच लिहिलं. पक्षाघातात ज्याचा हात लुळा पडतो, त्या रुग्णाला उठवताना घरची माणसं तोच हात धरून ओढतात. पुष्कळांचा खांदा पुढे दुखायला लागतो. खांदा दुखला की माणूस व्यायाम टाळतो, आणि हात मागे पडतो तो पडतोच. नातेवाइकांना उठवण्या-बसवण्याची रीत नीट शिकवली, तर ते ती खरंच पाळतात का, हे मला बघायचं आहे. शिकवण्याआधी आणि नंतर ते कसं उठवतात, ते टिपून ठेवीन. आपण मार्गदर्शन कराल का?

एक गोष्ट मात्र तिनं लिहिली नाही. हे सगळं तिनं पहिल्यांदा पाहिलं ते वॉर्डात नव्हे, स्वतःच्या घरी.

बाबा शाळेची बस चालवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही. बोलणं मात्र पहिल्यासारखंच होतं, किंबहुना थोडं जास्तच. "माझा डावा हात संपावर आहे," ते म्हणायचे, "मागण्या काय आहेत, ते सांगत नाही." आणि रोज सकाळी आई त्यांना पलंगावरून उठवायची, तोच संपावरचा हात धरून. बाबा ओठ आवळायचे. भिंगरी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत यात काही चुकतंय हे तिलाही कळलं नव्हतं. कळलं तेव्हा तिनं, "आई, थांब, मी उठवते," एवढंच म्हटलं. का, ते सांगितलं नाही. वर्ष होत आलं, अजून सांगितलेलं नव्हतं.

ईमेल गेला. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ती इंजेक्शनचा ट्रे आवरताना फोन बघायची, जेवताना बघायची. मैत्रीण म्हणाली, "अगं, फोन आहे तो, दूध नाही. नजर हटली म्हणून उतू जायचा नाही." मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आठवडाभर थांब, मग एकदा आठवण कर. आठवडा कसला, तिला तासभरही दम निघत नव्हता. वॉर्डात प्राध्यापक समोरून गेले की ती अंग चोरून उभी राहायची, आणि ते निघून गेले की स्वतःवर चरफडायची.

मग मंगळवारचा राऊंड आला.

प्राध्यापक, त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, सिस्टर, आणि सगळ्यांत शेवटी भिंगरी. खिडकीजवळच्या आजोबांची उजवी बाजू गेली होती. डॉक्टर आले म्हणून त्यांचा मुलगा लगबगीनं पुढे झाला. "बाबा, उठा, साहेब आलेत," म्हणत त्यानं आजोबांचा लुळा हात मनगटाशी धरला आणि जोर लावला.

"हात ओढू नका!"

आवाज आपलाच आहे, हे तिला सगळे वळून बघायला लागल्यावर कळलं. सिस्टरचे डोळे मोठे झाले. पण आता अर्ध्यावर थांबून काय उपयोग? ती घोळक्यातून पुढे गेली. आजोबांचे गुडघे वाकवले, त्यांना कुशीवर वळवलं, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडले, एक हात पाठीमागे खांद्याच्या फऱ्यावर आणि एक कमरेशी ठेवून त्यांना बसतं केलं. लुळा हात उशीवर ठेवला. मुलगा ओशाळून म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही हो."

प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "खांद्याचं पत्र तुमचं का?"

"हो सर."

"ओपीडी संपली की या."

ओपीडी संपता संपेना. ती बाहेरच्या बाकावर बसली, उठली, पाण्याच्या नळापर्यंत गेली, तहान नसताना पाणी प्यायली. आत बोलावलं तेव्हा प्राध्यापक चहा घेत होते आणि तिचं पत्र समोर छापून ठेवलेलं होतं. त्यावर पेन्सिलीनं बऱ्याच खुणा होत्या.

"पत्र चांगलं आहे. म्हणून उत्तराला उशीर झाला. वाईट पत्रांना मी लगेच नाही म्हणतो," ते म्हणाले. "आता सांगा. ओढल्यामुळे खांदा दुखतो, हे तुम्हाला कसं माहीत?"

"सर, तसं दिसतं..."

"दिसतं. पण खांदा दुखण्याची कारणं अनेक. स्नायू ढिले पडून सांधा खाली सरकतो. पुढे ताठरपणा येतो. कुणाचा आधीपासूनच झिजलेला असतो. ओढणं वाईटच, ते टाळायलाच हवं. पण एखाद्या माणसाकडे बोट दाखवून, याचा खांदा हिनं ओढला म्हणूनच दुखतो, असं म्हणता येईल?"

"नाही म्हणता येणार."

"मग तुमचा प्रकल्प दुखण्याबद्दल नाही. शिकवल्यावर माणसं नीट उठवतात का, एवढ्यापुरताच आहे. तेवढंच म्हणा. आता दुसरं. शिकवण्याआधी ते कसं उठवतात, ते बघून लिहून ठेवणार, असं लिहिलंय. म्हणजे समोर मुलगा हात ओढतोय आणि तुम्ही शांतपणे टिपण घेताय?"

"नाही सर. ते मला जमणार नाही."

"ते आज सगळ्या वॉर्डानं ऐकलं." ते पहिल्यांदाच हसले. "जमूही नये. पण मग 'आधी' कसं मोजणार? याचं उत्तर माझ्याकडून नको. घेऊन या. आणि एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत एकाही नातेवाइकाची माहिती गोळा करायची नाही. शिकवा हवं तितकं, ते नर्सचं कामच आहे. मोजायचं नाही. नातेवाइकांना रीत शिकवायचा कागद तयार आहे ना? नर्स नसलेल्या कुणावर तरी आधी करून बघा. घरी आहे कुणी?"

"आहे सर," ती म्हणाली.

घरी आई भाजी निवडत होती. भिंगरीनं दोनदा सुरुवात केली आणि दोन्हीदा विषय बदलला. शेवटी बाबाच म्हणाले, "अगं, काय ते बोल एकदाचं. मांजर पिल्लं घेऊन फिरतं तशी फिरते आहेस."

"आई, माझ्या प्रकल्पासाठी मदत हवी. मी पेशंट होते. तू मला बाबांना उठवतेस तसं उठव."

"हे काय नवीन?" म्हणत आई पदराला हात पुसत आली. भिंगरी पलंगावर आडवी झाली, डावा हात सैल सोडला. आईनं मनगट धरलं आणि सवयीनं ओढलं.

आई मायेनं ओढत होती, यात शंकाच नव्हती. तरी खांद्यात जी कळ आली, ती भिंगरीला धडधाकट असून सोसेना. "आई गं!" तिच्या तोंडून गेलं.

आईनं हात सोडला. तिनं आधी मुलीकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हालाही असंच होत होतं?"

बाबांना विनोद सुचला नाही. "थोडंसं," ते म्हणाले.

"आणि तुला कधीपासून माहीत होतं?"

"वर्ष झालं," भिंगरी म्हणाली.

"वर्षभर!" आईचा आवाज चिरकला. "म्हणून तू मला बाजूला सारत होतीस. मला वाटलं, पोरीला बापाची माया. अगं, डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलीस माझ्या. तू घरी नसायचीस तेव्हा कोण उठवत होतं त्यांना?"

भिंगरीनं आजवर हा विचारच केला नव्हता. आईला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिलो, अशी तिची समजूत होती, आणि त्या गप्प राहण्याचा भार मात्र बाबांच्या खांद्यावर पडत होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण आई, त्यांचा खांदा तुझ्यामुळेच दुखतो, असं कुणालाच सांगता येत नाही. सरांनी आज तेच समजावलं. तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत."

"मला बरं वाटायचं राहू दे." आईनं डोळे पुसले नाहीत, तशीच उभी राहिली. "कसं उठवायचं ते दाखव."

भिंगरीनं दाखवलं. आईनं पहिल्यांदा कमरेऐवजी बगलेत हात घातला. दुसऱ्यांदा कुशीवर वळवायचं विसरली. भिंगरीचा कागद तिनं वाचला आणि बाजूला ठेवला. "यात काय करू नका तेच भरलंय. हात गुंतलेले असताना माणसाला काय करू, ते लागतं." तिसऱ्यांदा जमलं. मग तिनं मुलीला पलंगावरून उठवून लावलं आणि म्हणाली, "आता यांना झोपव तिथे. खऱ्यावर करते."

बाबा म्हणाले, "खऱ्यावर! म्हणजे इतके दिवस मी खोटा होतो." पण ते उठून बसले तेव्हा त्यांचे ओठ आवळलेले नव्हते. खांदा दुखत होताच. फक्त उठवल्यामुळे जास्त दुखला नाही.

दुसऱ्या सकाळी ती ओपीडी सुरू व्हायच्या आधीच प्राध्यापकांच्या दाराशी होती.

"सर, उत्तर आणलंय. 'आधी' मोजायचं ते रुग्णावर नाही. नातेवाइकांनी मला उठवून दाखवायचं. मी किंवा दुसरी एखादी धडधाकट विद्यार्थिनी पेशंट होईल आणि तिसरं कुणीतरी तपासणीच्या मुद्द्यांप्रमाणे नोंद करील. मग शिकवायचं. मग पुन्हा तसंच."

प्राध्यापकांनी तिचं पत्र पुढे ओढलं. "तुमच्यावर करतात तसंच ते रुग्णावर करतील, याची खात्री नाही. ही मर्यादा लिहावी लागेल."

"लिहीन सर."

"खांदा सांभाळा. सांगून ठेवा, दुखलं की थांबायचं." त्यांनी पत्राच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं. "मॅडमना सांगा, मी आहे म्हणून. हे कुठून सुचलं?"

ती क्षणभर घुटमळली. "घरी सर. आईनं माझा हात ओढला."

त्यांनी मान डोलावली.

कमिटीनं दोन दुरुस्त्या सांगितल्या, मग मंजुरी दिली. संमतीचा कागद घेऊन भिंगरी ज्या पहिल्या बाईंकडे गेली, त्यांचा नवरा आदल्याच दिवशी वॉर्डात आला होता. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "नको बाई. माझं डोकंच ठिकाणावर नाही. परीक्षा कसली देऊ?"

भिंगरीच्या जिभेवर दहा युक्तिवाद आले. पहिलीच बाई, आणि नकार! तिनं कागद खिशात घातला.

"नका देऊ. चालेल," ती म्हणाली. "पण उठवायचं कसं, ते शिकायचंय का? त्याला सही लागत नाही."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग स्टूल सरकवून भिंगरीला पलंगाशी जागा करून दिली.