उजवा कोपरा

बाळ पोटातच गेलं तेव्हा वहिनीची गर्भपिशवी खरवडावी लागली. त्यानंतर तिची पाळी जवळपास बंदच झाली आणि दिवस राहीनात. मी ऑपरेशन थिएटरमधली नर्स, म्हणून दुर्बिणीच्या तपासणीला तिच्या उशाशी होते.

पडद्यावर मोकळी पोकळी दिसायला हवी होती. दिसले आडवे-उभे पांढरे पट्टे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अस्तर मुळापासून निघालं, की उघड्या भिंती एकमेकींना चिकटतात."

त्यांनी बारीक कात्रीने एकेक पट्टा सोडवला. विजेचं हत्यार घेतलं नाही. उरलंसुरलं अस्तर भाजलं असतं. डाव्या कोपऱ्यात गर्भनळीचं तोंड दिसलं. उजवीकडे नुसतीच पांढरी भिंत. बाईंनी कात्री मागे घेतली.

"बाई, एवढंच तर राहिलंय," माझ्या तोंडून गेलं.

"घाई तुला, पिशवी तिची. वाट दिसत नाही तिथे कापलं, तर भोक पडेल. पुन्हा येऊ."

भिंती परत चिकटू नयेत म्हणून आत आठवडाभर छोटा फुगा ठेवला. अस्तर वाढायला गोळ्या दिल्या. महिन्याभराने वहिनीचा फोन आला, "वन्सं, पाळी आली. चक्क पोटात दुखतंय."

दुसऱ्या तपासणीत उजव्या कोपऱ्यात एकच पातळ पट्टा उरला होता, आणि त्यामागे नळीचं तोंड स्पष्ट दिसत होतं. बाईंनी तो कात्रीच्या दोन कापांत सोडवला.

"मूल होईल ना?" वहिनीने विचारलं.

"शब्द देत नाही. जागा मात्र झालीय. दिवस राहिले, तर लगेच ये. बाळाची वार नीट बसलीय का, यावर लक्ष ठेवावं लागेल."

वहिनी माझ्याकडे बघून हसली. मी बाईंची कात्री धुवायला घेतली, जरा जास्तच जपून.