दोन कपाटांतली कान्नोन

डॉक्टर शशिधरना कशावरही चिठ्ठी चिकटवल्याशिवाय चैन पडत नसे. इंग्लंडातल्या लेस्टरच्या हॉस्पिटलात त्यांनी चौतीस वर्षं लोकांना भूल दिली. भूल देणाऱ्या माणसाला सिरिंजवर नाव लिहिल्याशिवाय हात पुढे करता येत नाही, आणि ती सवय रिटायर झाल्यावर घरी आली. मोहरीच्या डब्यावर ‘मोहरी’, जिऱ्याच्या डब्यावर ‘जिरे’. सुप्रभाबाई म्हणायच्या, एकदा मी दुपारी डुलकी काढली तर उठेपर्यंत माझ्या कपाळावर ‘पत्नी’ असेल.

तेव्हा दोन हजार सहा साली एका छोट्या म्युझियमने त्यांना मदतीला बोलावलं, याचा सगळ्यात जास्त आनंद बाईंनाच झाला. घरातले डबे वाचले.

म्युझियम लेस्टरपासून अर्ध्या तासावर, बाजारपेठेच्या एका गावात होतं. तिथली मुख्य ईशिता. तिशीची मुलगी, जन्म इथलाच, मराठी आईकडून शिकलेली. डॉक्टरांना काका म्हणायची आणि मराठीत बोलताना व्याकरणाचं फारसं दडपण घेत नसे. गावातल्या कुणा जुन्या चहाच्या व्यापाऱ्याच्या वंशजांनी पेटारा भरून जपानी वस्तू दिल्या होत्या. व्यापारी अठराशे सत्तरच्या आसपास योकोहामाला होता, तिथून त्याने त्या आणलेल्या. वस्तू एकतीस. त्यांची निवड, मांडणी आणि चिठ्ठ्या, सगळं ईशिताने काकांवर सोपवलं.

काकांनी चार महिने पुस्तकं वाचली आणि दोन कपाटं मागितली. उजवं शिंतोचं, म्हणजे जपानच्या मूळच्या देवांचं. त्या देवांना ते लोक कामी म्हणतात. डावं बौद्ध. मधल्या काचपेटीत मोठा फलक: ‘जपानचे दोन धर्म’, आणि खाली, ‘निवड व मांडणी: डॉ. शशिधर’.

या शेवटच्या ओळीबद्दल ते घरी काही बोलले नव्हते. पण सुप्रभाबाईंना कळलं होतं. चौतीस वर्षांत त्यांना कन्सल्टंटचं वरचं पद मिळालं नाही. दर वेळी दुसऱ्याच कुणाचं नाव दारावर लागलं, आणि ते प्रत्येकाला हसतमुखाने पेढे देऊन आले. आता कुठल्याशा गावातल्या का होईना, फलकावर त्यांचं नाव लागणार होतं. छपाई होऊन तो आलासुद्धा होता. शनिवारी उद्घाटन.

गुरुवारी बाई डबा घेऊन गेल्या. भाकरी-पिठलं बघून ईशिताने बाकीचं काम सोडलं. जेवण झाल्यावर बाईंनी काचा पुसायला फडकं मागितलं. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं, काचेच्या आत हात घालायचा नाही आणि पितांबरी तर पर्समध्येच ठेवायची. बाई म्हणाल्या, पर्समध्ये पितांबरी घेऊन फिरायला मी काय देवळातली पुजारीण आहे का.

काच पुसता पुसता त्या उजव्या कपाटापाशी थांबल्या. आत जेवणाच्या ताटाएवढी एक गोल थाळी होती. लाकडावर काशाचा पत्रा, वरच्या बाजूला सिंहाच्या तोंडांतून निघालेल्या दोन कड्या, टांगायला. मध्ये काही नाही, नुसता एक उजळ डाग आणि तीन भोकं. चिठ्ठी होती, ‘आरसा, शिंतो मंदिरातला’. मग त्या डाव्या कपाटापाशी गेल्या. तिथे वीतभर उंचीची एक देवी बसली होती. मुकुटात लहान लहान अकरा चेहरे, ओठांवर इतकंसं हसू. चिठ्ठी होती, ‘कान्नोन, करुणेची बोधिसत्त्व’. बाई वाकल्या, काचेला गाल लावून त्यांनी मूर्तीची पाठ बघितली. पाठ पोकळ होती आणि तीन खुंट्या बाहेर आलेल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हिची प्रभावळ तुम्ही समोरच्या कपाटात ठेवलीत.”

डॉक्टर हसले. समजावून सांगायचं त्यांचं एक खास हसू होतं, ऑपरेशनआधी पेशंटला देत तसलं. थाळी शिंतो आहे, पूर्वी आरसे धातूचेच असत आणि आरसा हे शिंतो देवाचं रूप. मूर्ती बौद्ध आहे. व्यापाऱ्याच्या यादीतसुद्धा दोन वेगळ्या नोंदी आहेत, दोन वेगळ्या महिन्यांतल्या.

बाईंचं म्हणणं साधं होतं. आपल्या देवघरातली अंबाबाई मी दर नवरात्रात प्रभावळीतून काढते, चिंचेने घासते आणि परत खाचेत बसवते. पाठ पोकळ आणि मागे खुंट्या असलेला देव एकटा बसायला घडवलेला नसतो. तीन खुंट्या, तीन भोकं. यात पुस्तक कशाला हवं?

ईशिता हातमोजे घालून उठली. “काका, बघूया ना. हा मूर्ती मी पकडते, तुम्ही प्लेट धरा.”

मऊ कापडावर थाळी ठेवली. ईशिताने कान्नोन अलगद तिच्यावर टेकवली. जोर लावावा लागला नाही. तिन्ही खुंट्या तिन्ही भोकांत उतरल्या आणि मूर्तीच्या कडेखाली पत्र्यावरचा उजळ ठसा तंतोतंत झाकला गेला. एके काळी कित्येक वर्षं त्या जागेला हवा लागली नव्हती.

मग डॉक्टरांकडून नंबर घेऊन ईशिताने नोरिकोंना फोन लावला.

नोरिको डॉक्टरांबरोबर ऑपरेशन थिएटरात वीस वर्षं सिस्टर होत्या. इंग्रज नवऱ्याबरोबर आलेल्या, आता विधवा, लेस्टरलाच राहणाऱ्या. चार वाजता त्या आल्या, चष्मा पुसला आणि थाळीच्या मागची शाई वाचली. पुसट होती, पण ‘हाकुसान गोंगेन’ एवढं लागलं. हाकुसान हा बर्फाचा डोंगर, आणि तोच देव.

नोरिकोंनी सांगितलं ते असं. जपानात हजारेक वर्षं देवळं अशी वेगळी नव्हतीच. देव म्हणजे बुद्धांनी आणि बोधिसत्त्वांनी या मातीतल्या लोकांसाठी घेतलेलं रूप, असं लोक मानत. गोंगेन म्हणजे असं प्रकटलेलं रूप. हाकुसान डोंगराच्या देवीचं मूळ रूप ही अकरामुखी कान्नोन. म्हणून देवीचा आरसा आणि त्यावर कान्नोन बसवून, ते देवळात समोर टांगायचे. आरशात बघायचं देवीला, दिसायची कान्नोन. देवापुढे बौद्ध सूत्रं म्हटली जात, आणि कित्येक देवळांचा कारभारच भिक्षू बघत.

“आम्हाला हे शिकवायची गरज नाही,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “आमचे तर दहा अवतार आहेत.”

मग अठराशे अडुसष्ट साली नवं सरकार आलं. सम्राट देवांचा वंशज, म्हणून त्यांना देव सोवळे हवे होते, बाहेरून आलेल्या धर्मापासून वेगळे. तिसऱ्या महिन्यात हुकूम सुटला की देवळातल्या भिक्षूंनी केस वाढवून गृहस्थ व्हावं. अकरा दिवसांनी दुसरा. ज्या देवळांची नावं गोंगेनसारखी असतील त्यांनी आपला इतिहास लिहून कळवावा. जिथे देव म्हणून बुद्धमूर्ती पुजतात तिथे ते बदलावं. आणि मूळ रूप म्हणून समोर टांगलेल्या मूर्ती, देवळाच्या दाराशी वाजवायच्या झांजा, घंटा, सगळं ताबडतोब काढावं. ‘टांगलेल्या मूर्ती’ असे शब्दच होते त्यात.

हुकूम वेगळं करायचा होता, मोडायचा नव्हता. पण काही ठिकाणी लोक कुऱ्हाडी घेऊनच निघाले, सूत्रं जाळली, मूर्ती फोडल्या. पुढच्याच महिन्यात सरकारला सांगावं लागलं, जरा दमाने घ्या. बरंचसं मग भंगाराच्या भावाने विकलं गेलं, परदेशी व्यापाऱ्यांनाही. हिला कुणीतरी सावकाश, खुंट्या न वाकवता काढलेलं दिसतं. मग ती एका दुकानात गेली, भोकं पडलेला आरसा दुसऱ्या.

नोरिकोंच्या खापरपणजोबांची गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. ते दुसऱ्याच एका गावच्या देवळात भिक्षू होते. हुकूम आल्यावर तेच त्या देवळाचे शिंतो पुजारी झाले. देव तोच, पायऱ्या त्याच, गावकरी तेच. अडचण केसांची. पुजाऱ्याची टोपी डोक्यावर राहायला अंबाडा लागतो, आणि डोकं तर गुळगुळीत. आजी सांगायची, पहिला उन्हाळाभर टोपी दोरीने हनुवटीखाली घट्ट बांधून ते देवापुढे वाकत, आणि सवयीने सूत्र सुरू झालं की गावकरी खोकून आठवण करून देत.

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते एकदा उजव्या कपाटाकडे बघत होते, एकदा डाव्या.

“त्या सरकारजवळ निदान सैन्य होतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही एकट्याने, चिठ्ठ्यांवर केलंत.”

आता अडचण जागेची होती. जोडलेली मूर्ती कुठल्याही कपाटात ठेवली तरी अर्धं खोटं. जागा एकच, मधली काचपेटी, आणि तिच्यात फलक. बरं, फलक दुसरीकडे हलवावा, तर त्याचं नावच ‘जपानचे दोन धर्म’. नवा छापून यायला दहा दिवस लागणार होते. ईशिताने प्रामाणिकपणे दुसरी वाटही सांगितली. काका, शनिवारी आहे तसंच राहू दे. कोणाला कळणार नाही. नेक्स्ट मंथ आपण बदलू.

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. एरवी अशा वेळी बाईंनी तीन तरी टोमणे दिले असते. त्या फडक्याची घडी घालत होत्या. चार घड्या, मग उलगडून परत चार. चाळीस वर्षांच्या संसारात त्या गप्प बसल्या की डॉक्टरांना धडकी भरायची, कारण गप्प बसणं म्हणजे निर्णय तुमचा.

“स्क्रूड्रायव्हर आणा,” डॉक्टर म्हणाले.

फलकाचे चार स्क्रू त्यांनी स्वतः काढले. चौथा जरा अडला, तेव्हा बाईंनी खालून आधार दिला. नाव असलेली बाजू भिंतीकडे करून फलक गोदामात गेला. मग काशाची थाळी दोन कड्यांनी टांगली, तिच्यावर कान्नोन बसली, आणि ईशिताने मागून बारीक आधार दिला. पोकळ पाठ दिसेनाशी झाल्यावर मूर्ती एकदम मोठी वाटायला लागली. चिठ्ठी डॉक्टरांनी हाताने लिहिली. पहिला मसुदा दोन पानांचा होता. बाईंनी त्यातून चार ओळी ठेवल्या. आपलं नाव कुठे घालावं हे डॉक्टरांना चारही ओळींत सापडलं नाही.

शनिवारी बरीच गर्दी झाली. महापौर आले, त्यांनी बिस्किटं खाल्ली. नोरिको काचपेटीपुढे उभ्या राहिल्या, देवळात वाजवतात तशा दोन टाळ्या अगदी हळू वाजवल्या, आणि मग हात तसेच जोडून कान्नोनचं नाव पुटपुटल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं.

दुपारी फुलाफुलांचा स्कार्फ घातलेली एक म्हातारी इंग्रज बाई डॉक्टरांपाशी आली. कोट, टाय आणि मागे बांधलेले हात बघून तिने त्यांना राखणदार समजलं होतं. तिने बरेच प्रश्न विचारले, आणि राखणदाराला एवढं कसं माहीत याचं तिला कौतुक वाटत राहिलं. डॉक्टरांनी खुलासा केला नाही. जाता जाता तिने विचारलं, हे दोन तुकडे एकत्र कुणी आणले?

डॉक्टरांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात सुप्रभाबाई चहाचे कप गोळा करत होत्या.

“त्यांनी,” ते म्हणाले. “वेगळे मी केले होते.”