मनस्वीच्या नावाचा ट्रेलर

दहावीला गणितात शंभरपैकी शंभर मिळाले, तेव्हापासून घरातला कुठलाही हिशोब माझ्याकडेच! म्हणून रंजिता काकू विम्याचा फॉर्म घेऊन करंजाड्याला आमच्या घरी आल्या, तेव्हा मीच कागद ओढला.

"बाबांचं कव्हर पुरेसं आहे का, एवढंच बघायचंय ना? बघा. बाबा नसले तर आई, मी आणि शार्दूल. महिन्याला चाळीस हजार, पंधरा वर्षं, म्हणजे बहात्तर लाख. महागाई आणि व्याज एकमेकांना खातील असं धरलंय. घराचं कर्ज अठ्ठावीस. आमचं दोघांचं शिक्षण दहा. एकूण एकशे दहा. आता आहे किती? टर्म पॉलिसी पन्नास, कंपनीचं कव्हर चाळीस, जुन्या पॉलिस्या बारा, एफडी आठ. एकशे दहा! बरोब्बर!"

"मनू, कंपनीचं कव्हर नोकरीपुरतं असतं गं," काकू म्हणाल्या. "ते धरू नकोस. अजून पन्नास लाखांचं घेऊन टाका, भाऊजी."

"नोकरी सुटेल तेव्हा बघू की!" मी म्हणाले.

बाबा खूश. "बघ रंजिता, पोरीनं तुजं दुकान बंद केलं!"

काकू हसल्या. फॉर्म पर्समध्ये परत गेला.

चार महिन्यांनी बाबांनी कळंबोलीतली नोकरी सोडली आणि स्वतःचा मालवाहू ट्रेलर घेतला. एफडी मोडली, वर वीस लाखांचं कर्ज. पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'मनस्वी'! पूजेच्या दिवशी मी त्याच्यासोबत बावीस फोटो काढले. तो हिशोबाचा कागद माझ्याच वहीत होता. उघडला नाही.

दिवाळीनंतर बाबांच्या छातीत दुखलं. स्टेंट टाकला.

हॉस्पिटलातून आल्यावर मी वही उघडली. चाळीस गेले, आठ गेले, वीसचं नवं कर्ज. अडुसष्ट लाख कमी. मी काकूंना फोन लावला.

"आता लगेच कोणी घेणार नाही गं. सहा महिने तरी थांबायला सांगतील. मग रिपोर्ट बघून, दिलंच तर हप्ता खूप जास्त."

तेव्हा त्यांनी फॉर्म पुढे केला होता. बाबा ठणठणीत होते. मी फक्त गप्प बसायचं होतं.

मी वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"मालक परत बोलावतोय. परत लागलो तर ते कव्हरचे चालीस लाख तपासनीशिवाय मिलतील, मी इचारलंय. ट्रेलर इकला का कर्ज फिटंल."

"बाबा, तुमचं स्वप्न होतं ना ते..."

"मंग काय झाला? तुजा हिशोब चुकला नव्हता गो. मीच तुला सांगितला नाय, नोकरी सोडतोय म्हनून."

हे खोटं होतं. कव्हर नोकरीपुरतं असतं हे काकूंनी सांगितलं होतं, मलाच. आणि पूजेला तर मी होतेच.

गिऱ्हाईक रविवारी आलं. त्याच्या माणसानं ब्लेडनं काच खरवडायला घेतली. 'म' आधी गेला. बाबा बघत उभे होते, मी वहीत लिहीत होते: एफडीचे आठ लाख अजूनही कमी.