परवानगी बंगळूरहून

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात ऋतुजाच्या बाबांनी कळमनुरीच्या घरी कॉम्प्युटर बसवला अन् ते बंगळूरला नोकरीवर परत गेले. जाताना आमच्या सहा वर्षांच्या लेकीसाठी, ऋतुजासाठी, फिल्टर लावून गेले. त्यांनी पाहून मंजूर केलेल्या साइटच तेवढ्या उघडायच्या. नवीन साइट हवी असली की पडद्यावर परवानगी मागायची. ती मागणी त्यांच्या ईमेलवर जायची. ते स्वतः साइट चाळायचे आणि संध्याकाळी फोनवर निकाल सांगायचे.

"बेरजांची साइट बराबर आहे, लेकराचं नाव-पत्ता मागत न्हाई. प्राण्यांच्या खेळात मात्र कोणीही अनोळखी माणूस गप्पा मारू शकतो. ती बंदच ठेवली."

एरवी फोन आठवड्यातून एकदा, तोही खुशालीपुरता. साइटींवर मात्र तासभर बोलायचे! मला राग यायचा आणि फोनही ठेवू वाटायचा नाही.

दिवाळीनंतर ते म्हणाले, "आता तुला सगळं समजून राहिलं. तुलाच पालक म्हणून जोडतो. साइट बघ अन् तूच परवानगी देत जा."

"नको," मी म्हणाले. "मला न्हाई जमत."

सगळं जमत होतं.

मग एका दुपारी मी ऋतुजाच्या नावानं कॉम्प्युटर उघडला आणि ताऱ्यांच्या एका साइटची परवानगी मागितली. लगेच फोन आला.

"ऋतुजा तर आत्ता शाळेत असंल. मागितली कोणी?"

"मी."

"तुला काहून पायजे?"

"साइटचं ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "तुमी बोला."