डोंगरासकट सरासरी

फेब्रुवारीत टँकरच्या गावांची यादी लागली. त्यात आमचं वाघझिरे नव्हतं. शेजारची चार गावं होती. हातपंप दिवाळीतच हवा ओढायला लागला होता. पावसाळाभर शाळेतल्या पर्जन्यमापकाची नोंद मी ठेवतो, म्हणून वही घेऊन धुळ्याला मलाच जावं लागलं.

तहसीलमधून एका खाजगी कॉम्प्युटरच्या ऑफिसात पाठवलं. यादीचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे मिसबाह नावाची मुलगी बसली होती. तिने गावाचं नाव टाकलं.

"आबा, तुमच्या यंदाच्या पावसाची सरासरी पाचशे सतरा मिलिमीटर येते. चारशेच्या आतली गावंच यादीत आहेत."

मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. "माझ्या मापात दोनशे सत्याऐंशी आहे. रोज सकाळी साडेआठला मोजलंय."

तिने वही शेवटपर्यंत पाहिली. मग पडद्यावर नकाशा उघडला. सगळ्या जिल्ह्यावर चौकोन पसरले होते, एकेक किलोमीटरचे, आणि प्रत्येक चौकोनात पावसाचा एक आकडा होता. त्यावर गावांच्या हद्दीच्या रेघा. ज्या चौकोनाचा मध्यबिंदू हद्दीच्या आत पडतो तो त्या गावाचा, असं तिने सांगितलं. त्या सगळ्यांची बेरीज करायची आणि चौकोनांच्या संख्येने भागायचं.

"तुमच्या गावात एकतीस चौकोन येतात," ती म्हणाली.

"एवढं मोठं गाव नाही ग आमचं. शिवार नऊ चौरस किलोमीटर."

तिने रेघेवर बोट ठेवलं. रेघ गावातून निघून डोंगर चढत होती, पलीकडच्या धारेवरून फिरून परत येत होती. ती रेघ मी ओळखली. बारा वर्षांपूर्वी सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी आम्हीच जीपीएसचं यंत्र हातात धरून तीन दिवस त्या रेघेवरून चाललो होतो. पुढे दरवर्षी डोंगरावर मोहाची फुलं वेचणारी आमच्या गावची कमलबाई होती. 'अजून वर चला, मोहाची झाडं बठ्ठी आत घ्या' म्हणत, एकही झाड बाहेर न ठेवता, तिने आम्हाला धारेपर्यंत नेलं होतं. दावा मंजूर होऊन डोंगरावर गावाचा हक्क लागला तेव्हा गावाने गूळ वाटला होता. पुढे कोणीतरी तो तुकडा गावाच्या हद्दीला जोडून टाकला, आणि नकाशात सगळं एकच गाव झालं.

मिसबाहने डोंगर वेगळा काढून पुन्हा हिशेब केला. खालच्या नऊ चौकोनांची सरासरी दोनशे नव्वद. वरच्या बावीस चौकोनांची सहाशे दहा.

"तुमची वही बरोबर आहे, आबा. हिशेबही चुकलेला नाही. पाऊस डोंगरावर पडला आणि माणसं खाली राहतात."

"मग दोनशे नव्वदच लिही ना."

ती उठून आत गेली. ऑफिसचे प्रमुख अर्हम साहेब, त्यांना घेऊनच आली. ते उभ्याउभ्याच बोलले.

"हद्द आम्ही हाताने कापू शकत नाही. आज तुमची कापली तर उद्या सगळा तालुका दारात. डोंगर आमचा म्हणून तुम्हीच लिहून दिलंय ना? आता ग्रामसभेचा ठराव आणा की तो गावात धरू नये."

"साहेब, खाली पाऊस किती झाला ते तुमच्याच पडद्यावर आहे."

"पडद्यावर सही नसते, आबा."

मिसबाह मान खाली घालून वहीची पानं सारखी करत राहिली.

रविवारी मारुतीच्या पारावर सभा भरली. सरपंच प्रेमराजने विषय सांगितला. माझी सून ज्योती सहा महिन्यांची पोटुशी, रोज दोन किलोमीटरवरून हंडा आणत होती. सगळ्यात आधी तिचाच हात वर गेला. मग बायांचे, मग पुरुषांचे.

कमलबाईचा हात मांडीवरच होता.

"अक्का, तू?" प्रेमराजने विचारलं.

"पानी मले बी लागस," ती म्हणाली. "पन डोंगर आपला नही शे, हाई मी नही सांगाव. तुमी सांगा. तुमना तोंडले काय, कालदिन हाई सांगं, आज ते सांगा."

कोणीतरी मागून हसलं. "अक्का, मोहाची फुलं पिळून पी मग."

ती उठून गेली. ठराव मी लिहिला: 'डोंगराचा भाग गावात धरू नये, ग्रामसभेची हरकत नाही.' दुसऱ्या कोणाला लिहायला सांगता आलं असतं. पण लोक माझ्याकडे बघत होते आणि पेन माझ्याच खिशात होता.

नवव्या दिवशी टँकर आला. पोरं पुढे पळाली, बायांनी हंडे लावले. ज्योती सावलीत बसूनच पाणी भरून घेत होती, आणि ते बघून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कमलबाई मोहाची फुलं वेचायला वर गेली. वनरक्षकाने तिला पायथ्याशीच अडवलं आणि टोपली काढून घेतली. निरोप आला तसा मी धावत गेलो. त्याच्या हातात आमच्या ठरावाची झेरॉक्स होती, तहसीलमधून वनखात्यात पोचलेली.

"गावानेच लिहून दिलंय," तो म्हणाला. "हे अक्षर कोणाचं?"

कमलबाई माझ्याकडेच बघत होती.

"माझं," मी म्हणालो.