हनुवटी वर

विशेष मुलांच्या या वर्गात आयांसाठी नियम एकच: खुर्चीवर बसायचं आणि हात मांडीखाली ठेवायचे. आयांचे हात ऐकत नाहीत, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि चिऊच्या आईचे हात तर भलतेच आगाऊ.

चिऊला बारावं लागलं होतं. मोठ्या वर्गात जायचं तर शर्ट आपला आपण घालता यायला हवा, आणि बाई आज तेच बघणार होत्या. आईला सकाळपासून चैन नव्हतं. पोर वयात येत होती. उद्या तिच्या बटणांना परक्याचे हात लागले तर?

टेबलावर बटणं लावायच्या सरावाची लाकडी चौकट होती, तिच्यावर चिऊ एकदम पटाईत. अंगात शर्ट चढला की मात्र सगळं बारगळायचं. आजही तेच. तिने हनुवटी वर केली आणि गळ्याशी चाचपडत राहिली. बटण सापडलं तर काज हरवायचं.

शेजारी जगमधून पेल्यात पाणी ओतणाऱ्या मुलाने टेबलभर सांडलं, आणि स्पंज घेऊन मुकाट्याने पुसलंही. आईचा एक हात तेवढ्यात बाहेर आलाच. बाईंनी नुसतं बघितलं. हात परत मांडीखाली.

"घरी बटणं कुठून लावता हो?" बाईंनी विचारलं.

"कुठून म्हणजे? गळ्यापासून. रोज मीच लावते, नाहीतर बस चुकते ना."

"तरीच. आम्ही इथे खालून सुरुवात करतो. खालचं बटण दिसतं, गळ्याचं दिसत नाही. हे मी तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं."

आईला आपलेच शब्द आठवले. 'हनुवटी वर, चल, पटकन!' रोज सकाळी हेच तर ती म्हणायची. पोर काही विसरली नव्हती. आईचं तंतोतंत ऐकत होती.

"आता तुम्हीच सांगा तिला," बाई म्हणाल्या.

"चिऊ," आई म्हणाली, "मान खाली घाल. खाली बघ, बाळा."

चिऊने खाली बघितलं. सगळ्यात खालचं बटण धरलं, काजात अर्धं घातलं, पलीकडून ओढलं. मग त्याच्या वरचं. मग त्याच्याही वरचं. एकदा बोट सटकलं, तिने बटण पुन्हा धरलं.

राहिलं फक्त गळ्याचं. चिऊची हनुवटी सवयीने वर गेली. आई कधी उठली, कधी पुढे झाली, तिचं तिलाच कळलं नाही. तिची बोटं कॉलरला लागली मात्र, चिऊने तिचा हात बाजूला सारला.

"नको. मी."

इतक्या वर्षांत पोरीने आईचा हात कधी सारला नव्हता. आईला वाईट वाटलं, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं. ती परत खुर्चीवर जाऊन बसली आणि हात मांडीखाली घातले.

चिऊ बराच वेळ झटत राहिली. घरी जायची बस बाहेर हॉर्न वाजवत होती, पण आई हलली नाही.